आयपीओचा पैसा नक्की कोणाच्या खात्यात जातो?

प्रश्न: मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकात लिहिलंय की प्राथमिक बाजारात पैसा कंपनीला मिळतो, दुय्यम बाजारात मिळत नाही. पण सर म्हणाले की टाटा टेक्नॉलॉजीजच्या आयपीओतला एक रुपयाही कंपनीला गेला नाही. हे कसं? शेअर 500 ला दिला आणि पहिल्याच दिवशी 1200 झाला, मग वरचे 700 कोणाला मिळाले? आणि बाबांनी तेव्हा तीन लॉट भरले होते, एकही लागला नाही. वाटप नक्की कसं करतात?

उत्तर: तुमचं पुस्तक बरोबर आहे आणि सरही बरोबर आहेत. गोंधळ ‘आयपीओ’ या शब्दामुळे होतो. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात आयपीओ म्हणजे कंपनीने नवे शेअर छापून विकणं. आज प्रत्यक्षात आयपीओच्या एकाच अर्जामागे दोन वेगळे व्यवहार असू शकतात, आणि अर्ज भरणाऱ्याला ते वेगळे दिसत नाहीत. मी सांगलीत गेली पंचवीस-तीस वर्षं शेअर दलालीचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी हा फरक कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे तुम्हाला पहिल्या वर्षाला तो खटकला हे चांगलंच आहे.

पहिला व्यवहार नव्या शेअरचा, म्हणजे फ्रेश इश्यू. इथे विक्रेती स्वतः कंपनी. काल जे शेअर अस्तित्वातच नव्हते ते आज निर्माण होतात आणि पैसा कंपनीच्या बँक खात्यात येतो. दुसरा व्यवहार ऑफर फॉर सेल, आमच्या बोलीत ओएफएस. इथे विक्रेता जुना भागधारक. शेअर आधीपासूनच होते, फक्त मालक बदलतो. पैसा जुन्या मालकाला जातो आणि कंपनी बाजूला उभी राहून बघते.

टाटा टेक्नॉलॉजीज ही पुण्याची, हिंजवडीची कंपनी. नोव्हेंबर 2023 मध्ये तिचा आयपीओ आला, साधारण 6 कोटी 8 लाख शेअरचा. 500 रुपये भावाने त्याचे 3042 कोटींच्या आसपास होतात. हा सगळाच्या सगळा ओएफएस होता. टाटा मोटर्सने 4 कोटी 62 लाखांहून अधिक शेअर विकले, बाकीचे आधी गुंतवणूक केलेल्या दोन फंडांनी. म्हणजे सुमारे 2313 कोटी टाटा मोटर्सकडे गेले आणि उरलेले त्या फंडांकडे. टाटा टेक्नॉलॉजीजच्या भागभांडवलात एका शेअरचीही भर पडली नाही.

याच्या उलट झोमॅटो. जुलै 2021 मध्ये 9375 कोटींचा आयपीओ, भाव 76 रुपये. त्यातले 9000 कोटी नव्या शेअरचे, म्हणजे कंपनीचे, आणि 375 कोटी इन्फो एज या जुन्या गुंतवणूकदाराचे. ज्याला त्यात शेअर लागले त्याला आपले शेअर नवे की इन्फो एजचे हे कळायची सोय नाही. डीमॅट खात्यात सगळे सारखेच दिसतात.

तुम्ही कॉमर्सचे, म्हणून हेच जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. झोमॅटोच्या शेअरचं दर्शनी मूल्य 1 रुपया. प्रत्येक नव्या शेअरमागे 1 रुपया भागभांडवल खात्यात जमा आणि 75 रुपये प्रतिभूती अधिमूल्य खात्यात जमा. टाटा टेक्नॉलॉजीजमध्ये या दोन्ही खात्यांवर नोंदच नाही. भागधारकांच्या यादीत टाटा मोटर्सचे शेअर कमी झाले आणि लाखो नवी नावं चढली, एवढंच. म्हणून एखादा इश्यू कुठल्या प्रकारचा हे ओळखायचं असेल तर मी पोरांना विचारतो, कंपनीच्या भागभांडवल खात्यात जमा नोंद होते का? होत असेल तर पैसा भांडवल म्हणून आत आला. होत नसेल तर ती आर्थिकदृष्ट्या दुय्यम विक्रीच, फक्त सार्वजनिक अर्जाच्या वाटेने केलेली. पुस्तकं तिला प्राथमिक बाजारात बसवतात, कारण ती माहितीपत्रक, ठरलेला भाव आणि वाटप या पद्धतीने होते. मला ते फारसं पटत नाही, पण परीक्षेत तसंच लिहा.

हे शोधायला फार खणावं लागत नाही. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरच फ्रेश इश्यू किती आणि ओएफएस किती हे लिहिलेलं असतं. आत ‘इश्यूची उद्दिष्टं’ असं प्रकरण असतं. फ्रेश इश्यू असेल तर तिथे कर्जफेड, कारखाना, खेळतं भांडवल असं विभागून सांगितलेलं असतं. पूर्ण ओएफएस असेल तर सरळ लिहिलेलं असतं की कंपनीला या विक्रीतून काही मिळणार नाही. ओएफएस म्हणजे वाईट असं मात्र धरू नका. कधी जुना फंड आपली मुदत संपली म्हणून बाहेर पडतो, कधी मूळ कंपनीला पैसा दुसरीकडे लावायचा असतो, कधी सरकार आपला हिस्सा कमी करतं. एलआयसीचा 2022 चा आयपीओही पूर्ण ओएफएसच होता, पैसा केंद्र सरकारला गेला. कोण विकतोय आणि का, हे मात्र वाचायला हवं.

आता त्या 700 रुपयांकडे. 30 नोव्हेंबर 2023 ला टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर एनएसईवर 1200 ला उघडला. लॉट 30 शेअरचा होता. ज्याला एक लॉट लागला त्याने 15,000 रुपये दिले होते आणि उघडताच विकला असेल तर 36,000 मिळाले, खर्च सोडून. ते वरचे 21,000 त्या सकाळी 1200 ने विकत घेणाऱ्याच्या खिशातून आले. टाटा टेक्नॉलॉजीजला त्यातलं काही नाही. टाटा मोटर्सलाही नाही, तिचा सौदा 500 लाच मिटला होता. विक्रेत्याच्या बाजूने पाहिलं तर उलट म्हणता येईल की माल स्वस्तात गेला. पण विक्रेता सहसा थोडी जागा मुद्दाम ठेवतो. त्याच्याकडे अजून मोठा हिस्सा शिल्लक असतो, आणि पहिल्याच दिवशी लोक पोळले तर पुढच्या वेळी त्याच्या दारात कोणी येत नाही. इथे ती जागा जरा जास्तच झाली, असं माझं मत.

मग 500 ठरवले कोणी? बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नव्हे. 1992 पर्यंत दिल्लीत ‘कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज’ नावाचं सरकारी कार्यालय होतं आणि शेअरवर अधिमूल्य किती लावायचं ते तिथे ठरायचं. ते बंद झालं आणि भाव ठरवण्याचा अधिकार कंपनी आणि तिचा इश्यू हाताळणाऱ्या मर्चंट बँकरकडे आला. सेबी माहितीपत्रकाचा मसुदा वाचते, शंका काढते, जास्तीची माहिती मागते. ‘सेबीने मान्यता दिली’ असं पेपरात आलं की लोकांना वाटतं शेअर चांगला आहे असं सेबी म्हणाली. तसं काहीच नसतं, आणि तसा इशारा माहितीपत्रकात छापलेलाही असतो.

त्यानंतर येतं ‘रेड हेरिंग’ माहितीपत्रक. त्यात सगळं असतं, फक्त अंतिम भाव नसतो. अंतिम भाव बोलीतून ठरतो. कंपनी एक पट्टा जाहीर करते, टाटा टेक्नॉलॉजीजचा 475 ते 500 होता, आणि निदान तीन दिवस लोक त्या पट्ट्यात बोली लावतात. एखाद्याने 480 लिहिलं आणि अंतिम भाव 500 निघाला तर तो बाद. छोट्या गुंतवणूकदाराला ‘कटऑफ’ असा पर्याय मिळतो, म्हणजे जो भाव निघेल तो मला मान्य. मागणी जोरात असली की भाव पट्ट्याच्या वरच्या टोकालाच निघतो, म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला कटऑफवरच टिक करायला सांगतो. मागणी मंद असेल तर कटऑफवाल्यालाही खालचाच भाव लागतो, त्याचं नुकसान काही नाही.

पैशाची व्यवस्था आता फार बदलली आहे. नव्वदच्या दशकात आम्ही छापील अर्जांचे गठ्ठे बगलेत मारून बँकेत जायचो. अर्जासोबत चेक, तो वटायचा, आणि शेअर लागले नाहीत तर परताव्याचा कागद पोस्टाने यायला आठवडेच्या आठवडे. तेवढे दिवस पैसा अडकलेला. आज तुमची रक्कम तुमच्याच खात्यात राहते, फक्त ब्लॉक होते. बचत खात्याचं व्याजही चालू राहतं. शेअर लागले तरच कापली जाते, नाहीतर मोकळी होते. यूपीआयवरून भरत असाल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत मोबाइलवर आलेली मंजुरी द्यावी लागते. ती राहून जाणं हे आमच्याकडे अर्ज बाद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे दुसऱ्याच्या बँक खात्यातून किंवा यूपीआयवरून भरलेला अर्ज. बायकोच्या डीमॅटसाठी नवऱ्याचं खातं चालत नाही, अर्जदाराचंच खातं लागतं.

वाटपाचा भाग जरा सावकाश वाचा, बाबांच्या तीन लॉटचं उत्तर त्यात आहे.

सगळे शेअर एका ढिगात नसतात. नफ्यातल्या कंपनीच्या अशा बोलीच्या इश्यूत साधारणपणे जास्तीत जास्त निम्मे मोठ्या संस्थांना, निदान 15 टक्के 2 लाखांवर अर्ज करणाऱ्यांना आणि निदान 35 टक्के छोट्या गुंतवणूकदारांना, म्हणजे 2 लाखांपर्यंत अर्ज करणाऱ्या व्यक्तींना राखलेले असतात. नफ्याची अट पूर्ण न करणाऱ्या कंपनीत छोट्यांचा वाटा 10 टक्क्यांवर येतो, झोमॅटोत तसंच होतं. टाटा टेक्नॉलॉजीजमध्ये आधी कर्मचाऱ्यांचा आणि टाटा मोटर्सच्या भागधारकांचा हिस्सा बाजूला काढला होता. उरलेल्याचे 35 टक्के म्हणजे जवळपास 1 कोटी 84 लाख शेअर. 30 ने भागा, साधारण 6 लाख 15 हजार लॉट होतात. आणि सगळ्या गटांचे मिळून अर्ज आले 73 लाखांच्या वर, त्यातले बहुतेक छोट्यांचेच.

आता नियम असा की छोट्या गटात अर्जदार उपलब्ध लॉटपेक्षा जास्त झाले तर कोणालाही एकापेक्षा जास्त लॉट मिळत नाही. संगणकावर सोडत निघते, ज्याचा अर्ज निघाला त्याला एक लॉट, बाकीच्यांना शून्य. ती यादी इश्यूचा रजिस्ट्रार बनवतो आणि शेअर बाजार तपासून मंजूर करतो. म्हणजे बाबांनी तीन लॉटचे 45,000 अडकवले, तरी सोडतीत त्यांची चिठ्ठी एकच होती. एका लॉटवाल्याची संधी आणि त्यांची संधी अगदी सारखी.

यातून आणखी एक गैरसमज सुटतो. बातमीत येतं, ‘छोट्यांचा हिस्सा 15 पट भरला’. लोक समजतात पंधरातल्या एकाला लागणार. ते गणित तसं नसतं, कारण ‘पट’ मोजतात शेअरवर आणि सोडत निघते माणसांवर. समजा 20,000 लॉट आहेत आणि 2 लाख लोकांनी अर्ज केले. प्रत्येकाने एकच लॉट मागितला तर हिस्सा 10 पट भरला. त्याच 2 लाखांनी सरासरी दीड लॉट मागितला तर बातमीत 15 पट दिसेल. पण लॉट 20,000 आणि माणसं 2 लाखच, म्हणजे संधी दोन्ही वेळा दहात एक. बातमीतला आकडा जवळजवळ नेहमीच परिस्थिती आहे त्याहून वाईट दाखवतो. खरी संधी पाहायची तर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर अर्जांची संख्या असते, ती उपलब्ध लॉटशी ताडून पाहा.

उपाय म्हणाल तर छोट्यांच्या हिश्श्यात एकाच पॅनवर दोन अर्ज करू नका, दोन्ही बाद होतात. बाबांनी तीन लॉटऐवजी स्वतःचा एक, आईचा एक आणि तुमचा एक असे तीन अर्ज केले असते, प्रत्येकाचं डीमॅट आणि बँक खातं वेगळं असतं, तर त्याच 45,000 त तीन चिठ्ठ्या पडल्या असत्या. आणि रेड हेरिंग माहितीपत्रकाच्या तारखेला टाटा मोटर्सचा एखादा शेअर असता तर भागधारकांच्या हिश्श्यात वेगळा अर्जही करता आला असता. मागणी कमी असेल तर मात्र गोष्ट उलटी होते. तिथे तीन मागितले तर तिन्ही गळ्यात पडतात, म्हणून ‘लागणार नाहीच’ असं धरून जास्तीचे लॉट भरण्यातही शहाणपण नाही.

पुढचा टप्पा झटपट होतो. त्या इश्यूत अर्ज 24 नोव्हेंबरला, शुक्रवारी बंद झाले. सोमवारी 27 ला गुरु नानक जयंतीची सुट्टी. मंगळवारी वाटप, बुधवारी डीमॅटमध्ये शेअर आणि बाकीच्यांची रक्कम मोकळी, गुरुवारी 30 ला नोंदणी. बंद झाल्यापासून कामकाजाचे तीन दिवस. डिसेंबर 2023 पासून सगळ्यांनाच ही मुदत बंधनकारक आहे, त्याआधी सहा दिवस असायची. नोंदणीच्या सकाळी 10 च्या आत पूर्वसत्रात खरेदी-विक्रीच्या ऑर्डर गोळा होतात, त्यांच्या ताळमेळातून पहिला भाव निघतो आणि मग नेहमीचा व्यवहार सुरू होतो. प्राथमिक बाजार जिथे संपतो आणि दुय्यम जिथे सुरू होतो तो क्षण हाच.

इथे बहुतेक विद्यार्थी म्हणतात, मग दुय्यम बाजारात भाव वर-खाली झाल्याने कंपनीला काय फरक पडतो? पैसा तर आधीच मिळाला. दोन गोष्टी सांगतो.

1995 च्या सुमाराला माझ्या एका मावशीने एका कंपनीच्या इश्यूत पैसे भरले. तेव्हा रोज नवे इश्यू यायचे. शेअर सर्टिफिकेट पोस्टाने घरी आली, हिरव्या किनारीची, छान जाड कागदावरची. त्या शेअरचा सौदा मात्र मला कधी बाजारात दिसला नाही. विकणारे पुष्कळ होते, घेणारा कोणी नव्हता, आणि काही वर्षांनी कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्रही परत आलं. सर्टिफिकेट अजून मावशीच्या ट्रंकेत आहेत. त्यांच्या बाबतीत प्राथमिक बाजार झाला, दुय्यम झालाच नाही. उद्या बाहेर पडायचं दार आहे या भरवशावरच माणूस आज आत पैसे टाकतो, नवा इश्यू खपतो तो त्या दारामुळे.

दुसरी गोष्ट झोमॅटोचीच. 76 ला दिलेला शेअर एनएसईवर 116 ला उघडला. वर्षभराने, जुलै 2022 मध्ये जुन्या गुंतवणूकदारांवर आयपीओनंतर असलेली विक्रीबंदी संपली आणि भाव 50 च्याही खाली आला. त्या दोन्ही दिवशी कंपनीने उभारलेल्या 9000 कोटींना धक्का लागला नाही. पण नोव्हेंबर 2024 मध्ये तिला पुन्हा पैसा हवा होता. तोवर बाजारात भाव बराच वर गेला होता, म्हणून मोठ्या संस्थांना थेट शेअर देऊन तिने 252.62 रुपये भावाने 8500 कोटी उभे केले. आता भागाकार करून पाहा. 2021 मध्ये 9000 कोटींसाठी तिला 118 कोटींच्या आसपास नवे शेअर द्यावे लागले होते. 2024 मध्ये 8500 कोटींसाठी साधारण 34 कोटी शेअर पुरले. भाव 50 वरच राहिला असता तर तेवढ्याच रकमेसाठी 170 कोटी शेअर द्यावे लागले असते आणि जुन्या भागधारकांचा हिस्सा त्या प्रमाणात पातळ झाला असता.